बेकरीच्या काउंटरवर जर्मन बोलताना: भीती नेमकी कुठे असते आणि ती कशी घालवायची

पुण्यात जर्मनची बी-१ पातळीची परीक्षा पास होऊन मी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्टुटगार्टला आले. चौथ्या दिवशी सकाळी घराजवळच्या बेकरीत गेले. जिना उतरतानाच वाक्य घोकून ठेवलं होतं: "इश हेट्टे गेर्न आइन बाउअर्नब्रोट", म्हणजे मला एक बाउअर्नब्रोट हवाय. वाक्य बिनचूक म्हटलं. काउंटरवरच्या बाईंनी मान डोलावली, फळीकडे वळल्या आणि वळता वळता काहीतरी विचारलं. मला एक अक्षर कळलं नाही. मागे पाच-सहा माणसं उभी होती. मी "या", म्हणजे हो, म्हणून मोकळी झाले. कुठलंसं यंत्र घरघरलं आणि अख्ख्या पावाच्या चकत्या होऊन आल्या. पुन्हा एक प्रश्न आला. "अजून काही?" असंच काहीतरी असावं असं वाटलं. मला दोन ब्रेत्सेल, म्हणजे गाठीसारखे वळलेले पाव, हवे होते, म्हणून हसून "डांके", म्हणजे धन्यवाद, म्हटलं. बाईंनी लगेच पैसे सांगितले, तेही इंग्रजीत. ब्रेत्सेल राहून गेले.

पुढचे तीन आठवडे मी पाव सुपरमार्केटमधून आणला. तिथे आपलं बिल आपणच करायचं यंत्र असतं, कुणाशी बोलावं लागत नाही.

त्या तीन आठवड्यांत मी व्याकरणाची वही पुन्हा काढून बसले. ते चुकलंच. व्याकरण अडलंच नव्हतं, माझं वाक्य बरोबर होतं. अडलं ते त्यानंतर. आपण एक वाक्य बोलतो, समोरून तीन येतात आणि ती पुस्तकातल्यासारखी येत नाहीत. बोलायची म्हणून जी भीती वाटते, ती बहुतेक वेळा उत्तर न कळण्याची असते. हे एकदा लक्षात आलं की तयारी कशाची करायची ते बदलतं. आपलं वाक्य घोकण्यात वेळ घालवायचा नाही, समोरून काय काय येऊ शकतं त्याची तयारी करायची.

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी, त्यामुळे आपली बरीच मंडळी इकडे यायच्या तयारीत आहेत. त्यांच्यासाठी मी जे केलं ते क्रमाने सांगते.

एक बेकरी, एक वेळ

सुरुवात बेकरीपासून करा. सरकारी कचेरीत चूक महागात पडते, सहकाऱ्यांसमोर लाज जास्त वाटते. बेकरीत चूक झाली तर फार तर पावाच्या चकत्या होतात. शिवाय इथे संभाषण रोज तेच असतं, त्याच क्रमाने चालतं आणि मिनिटभरात संपतं. सरावाला याहून सोपी जागा मला सापडली नाही.

एकच बेकरी धरा, बदलू नका. सकाळी सात ते नऊ टाळा. तेव्हा ऑफिसला निघालेल्या लोकांची गर्दी असते आणि काउंटरवरच्या माणसाला थांबायला वेळ नसतो. दुपारी दोन-तीनच्या सुमारास जा. दुकान रिकामं असतं, मागे कुणी उभं नसतं. माझी निम्मी भीती मागच्या रांगेची होती, हे मला दुपारी गेल्यावर कळलं.

आत शिरताच नमस्कार करायचा. इकडे दक्षिणेत "ग्र्यूस गॉट" म्हणतात, "हालो" म्हटलेलंही चालतं. आपल्याकडे दुकानात शिरल्या शिरल्या "अर्धा किलो साखर द्या" म्हणण्यात काही गैर नाही. इथे अभिवादन न करता मागणं उद्धटपणाचं वाटतं. दोन शब्दांचं काम आहे, पण त्यानंतर समोरचा माणूस तुमच्याशी जरा सावकाश बोलतो.

उत्तरांची वही

पहिल्या आठवड्यात बोलण्यापेक्षा ऐका. आपला नंबर यायच्या आधी रांगेत पुढच्या माणसाला काय काय विचारलं जातं त्याकडे कान द्या. बाहेर पडलात की लगेच, रस्त्यावर उभं राहून, जे ऐकू आलं ते देवनागरीत लिहून काढा. शब्द तोडायचे नाहीत, अर्थ शोधायचा नाही, कानावर पडलं तसंच लिहायचं. या कामाला आपली लिपी फार उपयोगी पडते. जर्मन स्पेलिंगच्या नादी लागलात तर कानाला जे आलं ते निसटतं.

माझ्या वहीत पहिल्या दिवशीची नोंद होती: "ब्राउक्सेदेबों". चार वेळा ऐकलं, चारही वेळा तसंच. वर्गातल्या बाईंना वाचून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, हे "ब्राउखेन सी देन बों?" आहे. तुम्हाला पावती हवी आहे का? जर्मनीत १ जानेवारी २०२० पासून इलेक्ट्रॉनिक गल्ला वापरणाऱ्या दुकानदाराने प्रत्येक विक्रीची पावती काढणं बंधनकारक झालं, मग ती एका ब्रेत्सेलची का असेना. घ्यायची सक्ती मात्र नाही. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला हे विचारलं जातं. पाठ्यपुस्तकात हे वाक्य मला कधी भेटलं नव्हतं आणि बेकरीत ते रोज ऐकू येत होतं.

दहा दिवसांत वहीत दिसायला लागलं की प्रश्न मोजून पाच आहेत. पाव घेतला तर "गेश्निटन?", म्हणजे कापून देऊ का; अख्खा हवा असेल तर "आम श्ट्यूक, बिटे" म्हणायचं. कॉफी घेतली तर "त्सुम मिटनेमेन?", बरोबर न्यायची आहे का. मग "सोन्स्ट नोख वास?", अजून काही. मग पैसे रोख की कार्डाने. शेवटी पावती. क्रमही बहुतेक हाच. पुढचा प्रश्न कोणता ते आधीच माहीत असेल तर सगळे शब्द कळायची गरज उरत नाही. "निटन" एवढं जरी कानाला लागलं तरी तो चकत्यांचा प्रश्न आहे हे समजतं.

बोलीभाषेचं एक सांगायला हवं. स्टुटगार्ट आणि आजूबाजूला श्वाबिश बोलतात, त्यामुळे "सोन्स्ट नोख एट्वास" ऐवजी "सोन्श्ट नो एब्बेस?" ऐकू येईल. पदार्थांची नावंही बदलतात. पुस्तकातला ब्र्योटशेन, म्हणजे छोटा पाव, इथे वेकले होतो, म्युनिकला सेमेल, बर्लिनला श्रिपे. पुण्यात भाषा शिकून कोल्हापुरात उतरलेल्या माणसाचं जे होईल तेच आपलं होतं. तुमचं जर्मन कच्चं आहे असा त्याचा अर्थ नाही. उत्तरेकडून आलेल्या जर्मन माणसालाही इथे पहिल्या दिवशी वेकले म्हणजे काय ते विचारावं लागतं.

"डांके"चा घोळही याच वहीत उलगडला. काही हवं का असं विचारल्यावर नुसतं "डांके" म्हटलं की त्याचा अर्थ "नको, धन्यवाद" असा होतो. हवं असेल तर "या, गेर्न" किंवा "या, बिटे" म्हणायचं. आपण चहा नको म्हणताना "नको, राहू दे" म्हणतो, तिथे त्यांचं एका शब्दात भागतं. त्या दिवशी बाईंनी माझं अगदी बरोबर ऐकलं होतं.

डेअर, दी, दास मुळे जीभ अडते तेव्हा

वाक्य सुरू केलं आणि नामापाशी येऊन थबकलं, कारण त्याच्या आधी डेअर, दी की दास लावायचं ते ज्यावर ठरतं ते लिंग आठवत नाही, हे प्रत्येकाचं होतं. मराठीत तीन लिंगं आहेतच, त्यामुळे कल्पना नवी नाही. पण आपला पाव पुल्लिंगी आणि त्यांचा ब्रोट नपुंसकलिंगी, म्हणून जीभ अडखळते. काउंटरवर उभं राहून हा प्रश्न सोडवत बसायचं नाही, त्याला बगल द्यायची.

दोन वाटा आहेत. एक, संख्या वापरा. "त्स्वाय ब्रेत्सेल्न, बिटे" म्हटलं की लिंगाचा संबंधच येत नाही. मी महिनाभर सगळं दोन-दोन घेत होते. दुसरी, बोट दाखवून "दास दा, बिटे", म्हणजे ते तिथलं. बोट दाखवून म्हटलेलं हे "दास" कुठल्याही वस्तूला चालतं, तिचं लिंग काहीही असो. जर्मन माणसंही नाव माहीत नसलेल्या केककडे बोट दाखवून हेच म्हणतात. वस्तू दिल्यावर विकणारी व्यक्ती बहुधा तिचं नाव घेतेच, ते ऐकून घ्यायचं आणि पुढच्या वेळी वापरायचं.

किंमत मराठीतून ऐका

ही गोष्ट मला कुणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर फार बरं झालं असतं. जर्मन आकडे कठीण असं सगळे म्हणतात, कारण वर्गात ते इंग्रजीच्या आधाराने शिकवले जातात. इंग्रजीत आधी दहाई, मग एकक. जर्मनमध्ये उलटं. पण मराठीतही उलटंच आहे! पंचेचाळीस म्हणजे आधी पाच, मग चाळीस. जर्मन "फ्युन्फ-उंड-फिअर्त्सिश" म्हणजे पाच आणि चाळीस. एकवीस, "आइन-उंड-त्स्वान्त्सिश". बासष्ट, "त्स्वाय-उंड-सेश्त्सिश". रचना जशीच्या तशी. अपवाद एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास या घराण्याचा, कारण आपण तिथे पुढच्या दहाईतून एक वजा करतो आणि ते सरळ नऊ आणि वीस, नऊ आणि चाळीस म्हणतात.

काउंटरवर किंमत अशी येते: "ड्राय फ्युन्फउंडफिअर्त्सिश". युरो हा शब्द बऱ्याचदा गाळलेला असतो. मनात इंग्रजीत "थ्री" म्हणून पुढचं उलटवत बसलात की गडबडायला होतं. मराठीत ऐकलंत की "तीन पंचेचाळीस" सरळ उमटतं. पाच दिवस घरी पावत्या समोर ठेवून प्रत्येक किंमत आधी मराठीत, लगेच जर्मनमध्ये मोठ्याने म्हणा. त्यानंतर मला काउंटरवरच्या पडद्याकडे बघायची गरज राहिली नाही.

वेळेचंही तसंच. "हाल्ब आख्ट" म्हणजे शब्दशः अर्धा आठ, पण अर्थ साडेसात. इथे आपली आणि त्यांची मोजणी वेगळी पडते आणि लोक तासभर उशिरा पोचतात. "ड्रायफिअर्टेल आख्ट" मात्र आपलं पावणेआठ. स्वाब्यात, म्हणजे श्वाबिश बोलणाऱ्या या भागात, "फिअर्टेल आख्ट" ऐकलंत तर ते सव्वासात समजा, सव्वाआठ नव्हे. शंका आली तर आकड्यात पुन्हा विचारून घ्या.

कळलं नाही तर

"या" म्हणून सुटका करून घेणं हीच माझी मोठी चूक होती. ते म्हटल्याने संभाषण संपत नाही, पुढे आणखी गुंतागुंत होते. एक साधी खूण सांगते: दुकानातून बाहेर पडल्यावर आपल्याला काय विचारलं होतं ते सांगता येत नसेल, तर तो "या" खोटा होता.

त्याऐवजी पहिल्या वेळी "वी बिटे?" म्हणा. त्यात मान राखला जातो. नुसतं "वास?" म्हणजे आपलं "काय?", ते अनोळखी माणसाला रुक्ष वाटतं. पण "वी बिटे" म्हटल्यावर माणूस बहुधा तेच वाक्य त्याच वेगाने पुन्हा म्हणतो, थोडं मोठ्याने. म्हणून दुसऱ्यांदा जो तुकडा ऐकू आला तो परत करायचा: "गेश्निटन... वास हाइस्ट दास?", म्हणजे गेश्निटनचा अर्थ काय. आता समोरच्याला कळतं की अडलंय कुठे. पूर्ण वाक्य पुन्हा न म्हणता तो त्या एका शब्दाचा अर्थ दाखवतो. मला बाईंनी हाताने सुरी चालवून दाखवली होती.

चूक सुधारली गेली की लाज वाटते, त्याबद्दल. एकदा मी चेरीचा केक मागितला. चेरी म्हणजे किर्शे आणि चर्चलाही जवळजवळ तसाच शब्द आहे, फरक फक्त मधल्या आवाजाचा. चेरीत आपला स्पष्ट "श" आहे. चर्चमधला आवाज "ह्य"च्या जवळ जातो, जीभ टाळूच्या जवळ नेऊन नुसती हवा सोडायची. मी चर्चवाला उच्चार केला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आख, किर्शकूखेन!" मला कानशिलं तापल्यासारखी झाली. नंतर मी लक्ष देऊन पाहिलं तेव्हा दिसलं की त्या इतर गिऱ्हाइकांचीही मागणी अशीच उच्चारून पक्की करतात. आपलं वाक्य दुरुस्त रूपात परत येतं तेव्हा तो बहुधा "हेच हवंय ना?" असा प्रश्न असतो. अशा वेळी मान खाली न घालता "या, किर्शकूखेन" असा बरोबर शब्द तिथल्या तिथे पुन्हा म्हणायचा. तोंडाला तो त्याच क्षणी बसतो, घरी जाऊन आठवलेला बसत नाही.

आणि इंग्रजी. समोरच्याने इंग्रजी सुरू केलं की आपला अपमान झाल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा त्याला लवकर काम उरकायचं असतं किंवा मदत करायची असते. रांग असेल तर इंग्रजीतच संपवा, तो सरावाचा वेळ नाही. दुकान रिकामं असेल तर एकदा शांतपणे म्हणा: "इश लेर्ने नोख डॉइच. क्योनेन विअर डॉइच श्प्रेशेन?" मी अजून जर्मन शिकतेय, आपण जर्मनमध्ये बोलू या का? मात्र ते म्हटल्यावर पुढच्या अडचणीला तुम्ही स्वतः इंग्रजीकडे वळू नका, नाहीतर दुसऱ्यांदा कुणी ऐकत नाही.

काउंटरपासून जिन्यापर्यंत

महिन्याभरात बेकरीतलं सगळं आपोआप होऊ लागतं. तेव्हा रोजच्या संभाषणात एकच वाक्य वाढवा, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असं. मी "वास इस्ट दा ड्रिन?", म्हणजे यात काय घातलंय, हे विचारायला लागले. मी मांस खात नाही, त्यामुळे प्रश्न खरा होता आणि खऱ्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. जाताना "श्योनेन टाग नोख", म्हणजे दिवस छान जावो, म्हटलं की समोरून "ग्लाइशफाल्स" येतं, तुम्हालाही तसाच.

पुढची पायरी शेजारी. आपल्याकडे नवीन बिऱ्हाड आलं की शेजारच्या काकू स्वतः डोकावतात, पाणी आलंय का, दूधवाला हवाय का विचारतात. इथे उलटी रीत आहे. नव्याने आलेल्याने बेल वाजवून ओळख करून द्यायची असते. शेजारी त्याची वाट पाहतात आणि आपण त्यांची. दोघांनाही दुसरा तुसडा वाटतो. मी दोन महिने ही वाट पाहण्यात घालवले.

स्वाब्यात बोलायला विषय आयता मिळतो: केअरवोखे. घरातल्या भाडेकरूंनी आठवड्याच्या पाळीने जिना झाडायचा-पुसायचा, काही ठिकाणी समोरचा फूटपाथही, आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फ काढायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर "केअरवोखे" लिहिलेली पाटी लटकते. एका सोमवारी ती माझ्या दारावर आली. मी समोरच्या आजींची बेल वाजवली. आधी वहीत लिहून नेलं होतं: "एन्टशुल्डिगुंग, इश बिन नॉय हिअर. वी माखेन सी दास मिट डेअर केअरवोखे?" माफ करा, मी इथे नवीन आहे, तुम्ही केअरवोखेचं कसं करता? त्यांना अर्थातच "सी" म्हणायचं, आपल्या अहो-जाहोसारखं. "डू" सुरू करायचं की नाही ते मोठ्या माणसाने ठरवायचं असतं.

इथेही उत्तरांची तयारी केली होती: बादली, झाडू, फडकं, शनिवार, तळघर, कचरापेटी. पंधरा शब्द शोधून ठेवले होते, त्यातले सात-आठ आले. आजींचं श्वाबिश दाट होतं, निम्मं कळलं नाही. पण ज्या माणसाला आपण त्याला येत असलेली गोष्ट विचारतो, तो थांबून सांगतो. त्या चपला घालून बाहेर आल्या, जिना दाखवला, कठड्याच्या मागचा कोपरा दाखवला जो सगळे विसरतात, आणि तळघरात बादली कुठे असते तेही दाखवलं. वीस मिनिटं गेली. त्यातली माझी वाक्यं सहा-सात असतील, तीही बहुतेक "आख सो", म्हणजे असं होय, आणि "वास हाइस्ट दास?"

काही गोष्टी मात्र अशा सरावाने करू नयेत. घराचा करार, डॉक्टरांची तपासणी, परदेशी नागरिकांच्या कचेरीतली मुलाखत, इथे भाषा येणारं कुणीतरी बरोबर न्या. तिथे न कळलेल्या "या"ची किंमत पावाच्या चकत्यांपेक्षा मोठी असते. फोनही शेवटी ठेवा, कारण हातवारे आणि ओठ दिसत नाहीत. फोनवर जर्मन माणसं स्वतः "त्स्वाय" ऐवजी "त्स्वो" म्हणतात, दोन आणि तीन एकसारखे ऐकू येऊ नयेत म्हणून.

आठवडा संपला तेव्हा पाटी पुढच्या दारावर लटकवायची होती, म्हणजे आजींच्याच. बेकरीत गिऱ्हाइकाला "तुमचा नंबर" सांगताना "ड्रान" म्हणतात, तो शब्द वहीच्या पहिल्या पानावर होता. बेल वाजवली, पाटी पुढे केली आणि म्हटलं, "येट्स्ट सिंड सी ड्रान." आजींनी पाटी घेतली आणि जिन्याच्या कोपऱ्याकडे बघायला गेल्या.